फोटोत सूर्यकिरण, झळाळी आणि लेन्स फ्लेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं एकाच प्रकारच्या फोटोभोवती फिरतात: झाडीतली पायवाट, पानांआडून डोकावणारा सूर्य आणि हवेत थोडं धुकं. किरणांचा मोह सगळ्यात जास्त अशाच फोटोत होतो आणि घोटाळेही त्यातच होतात. पायऱ्या फोटोशॉपच्या आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटणं वेगळ्या ठिकाणी असतील, पण प्रकाश वागतो तसाच.

किरण, झळाळी आणि फ्लेअर हे सगळं एकच ना? मग वेगवेगळं का करायचं?

एकच नाही. बहुतेक बनावट दिसणारे फोटो हा फरक न केल्यामुळेच फसतात.

किरण हवेत असतात. धूळ, धुकं किंवा धूर यांच्या कणांवर प्रकाश विखुरतो म्हणून ते दिसतात. हवा स्वच्छ असेल तर प्रकाश तितकाच असूनही झोत दिसत नाही. किरण हवेत आहेत म्हटल्यावर त्यांना जागा आणि खोली आली. जवळचं झाड त्यांच्या पुढे असू शकतं आणि लांबचं झाड त्यांच्या मागे.

लेन्स फ्लेअर मात्र दृश्यात नसतोच, तो कॅमेऱ्याच्या आत घडतो. लेन्समध्ये काचेचे बरेच भिंग असतात आणि प्रत्येक पृष्ठभाग थोडा प्रकाश परत फेकतो. लेप नसलेली काच एका पृष्ठभागावर साधारण 4% प्रकाश परावर्तित करते, चांगला लेप असेल तर 1%च्याही खाली. हा प्रकाश आतल्या आत दोनदा उलटून सेन्सरवर पडला की रंगीत ठिपके आणि वर्तुळं उमटतात. ते दृश्यातल्या कशाच्याही मागे जात नाहीत, सगळ्यांच्या वर पडतात.

झळाळी, म्हणजे सूर्याभोवती पसरणारा मऊ उजेड, दोन्हीकडून येते. थोडी धुक्यातून आणि थोडी लेन्समधून. म्हणूनच ती जवळच्या पानांच्या कडाही थोड्या खाऊन टाकते.

पुढे मास्क कुठे लावायचा, कुठे नाही आणि कोणता लेयर वर ठेवायचा, हे सगळं यावरूनच ठरतं: ही गोष्ट हवेत घडते की काचेत?

माझ्या फोटोत सूर्य नेमका कुठे आहे हे कसं कळणार? तो तर पानांआड लपलाय.

सावल्यांना विचारा. एखाद्या वस्तूचं टोक आणि त्या टोकाची सावली यांना जोडणारी रेघ फोटोवर ओढा आणि वर वाढवा. सूर्य समोर असेल तर ती रेघ फोटोतल्या सूर्याच्या जागेतूनच जाते. असं दोन-तीन वस्तूंचं करा, रेघा जिथे भेटतील तिथे सूर्य. लेन्सने सरळ रेषा वाकवल्या नसतील तर हे चोख बसतं. फार रुंद लेन्सचा फोटो असेल तर आधी लेन्स करेक्शन करून घ्या.

झाडीत सावलीची टोकं सापडत नाहीत, हे खरं. तिथे बुंध्यांच्या सावल्या बघा. जमीन साधारण सपाट असेल तर त्या मागे वाढवल्यावर क्षितिजावर एका बिंदूपाशी जमतात. कॅमेरा आडवा-सरळ धरलेला असेल तर सूर्य त्या बिंदूच्या बरोबर वर, उभ्या रेषेत कुठेतरी असतो. किती वर, ते पानांमधल्या सगळ्यात तेजस्वी भोकांवरून ठरवा.

सावल्या फोटोत आत, तुमच्यापासून लांब जात असतील तर सूर्य तुमच्या पाठीशी होता. अशा फोटोत समोरून येणारे किरण टाकायचे नाहीत, कितीही सुंदर दिसले तरी. समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन आणि त्याच्या डोक्यामागे सूर्य, ही जोडी बघणाऱ्याला खटकतेच. का खटकलं ते त्याला सांगता येणार नाही, एवढंच.

ढगाळ दिवसाच्या फोटोत किरण टाकता येतात का?

टाकता येतात, पण पटत नाहीत. सावल्याच नाहीत तर थेट ऊन नाही, आणि थेट ऊन नाही तर झाडीत झोत येणार कुठून? ते पटवायचं तर जमिनीवरचे कवडसे, पानांच्या उजळ कडा, बुंध्यांच्या सावल्या असं सगळं रंगवावं लागेल. त्यापेक्षा दुसरा फोटो निवडा.

किरण तयार कसे करायचे? तयार ब्रश वापरू का?

तयार ब्रशमधले किरण पंख्यासारखे एकसारखे सुटलेले असतात. तुमच्या फोटोतल्या पानांशी त्यांचा काही संबंध नसतो. खरा झोत एका विशिष्ट भोकातून येतो, म्हणून किरण फोटोतल्या भोकांपासूनच काढायचे.

उदाहरण म्हणून 6000 × 4000 पिक्सेलचा फोटो घेऊ. सूर्य उजवीकडे वर, डावीकडून 4300 आणि वरून 700 पिक्सेलवर.

आधी फाइल 16 बिटमध्ये करा. मूळ लेयरची प्रत काढा आणि `Levels` उघडून डावीकडचा काळा स्लायडर उजवीकडे सरकवत न्या. पानांमधली चमकती भोकं सोडून सगळं काळं झालं की थांबा. बहुतेक वेळा तो आकडा 200च्या आसपास येतो, पण आकड्यापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा. मग पायवाटेवरचे ओले दगड, पाणी, कुणाचा पांढरा सदरा असे खालचे चमकते भाग काळ्या ब्रशने पुसा. हे विसरलं की पुढच्या पायरीत दगडांमधूनही किरण फुटतात.

या लेयरची एक प्रत बाजूला लपवून ठेवा, झळाळीला लागेल. दुसऱ्या प्रतीवर `Filter > Blur > Radial Blur` घ्या, `Zoom` निवडा, `Amount` 100 आणि `Quality` `Good`. केंद्र ठरवायच्या चौकोनात फोटो दिसत नाही, त्यामुळे अंदाजाने बोट ठेवावं लागतं. आपला सूर्य रुंदीच्या 72% आणि उंचीच्या 17% वर आहे, चौकोनातही केंद्र तिथेच ओढा. किरण आखूड वाटले तर हाच फिल्टर पुन्हा एकदा चालवा. लेयरचा ब्लेंड मोड `Screen` केला की काळं नाहीसं होतं आणि झोत उरतात.

केंद्र थोडं चुकलं तरी लगेच कळतं: झोत भोकातून निघण्याऐवजी भोकाशेजारून गेल्यासारखा दिसतो. मग `Ctrl+Z` आणि पुन्हा.

किरण आले, पण भिंतीवर चिकटवल्यासारखे दिसतात. काय राहिलं?

खोली राहिली. किरणांच्या लेयरला मास्क लावा आणि जवळचे बुंधे, फांद्या, माणसं त्यातून वगळा. साध्या दृश्यात तीन थर पुरतात. सगळ्यात जवळच्या गोष्टींवर किरण जवळपास नाहीत, मधल्या झाडांवर अर्धे, लांबच्या झाडांवर पूर्ण. तुमच्या आणि जवळच्या झाडाच्या मध्ये उजळलेली हवा फारच थोडी असते, म्हणून ते झाड काळंभोर राहतं. मास्कची कडा मात्र कात्रीने कापल्यासारखी नको, एक-दोन पिक्सेल मऊ करा.

दुसरी गोष्ट जमिनीची. झोत जमिनीला टेकताना दिसत असेल तर तिथे उजेडाचा कवडसा असायला हवा. गडद सावलीत जाऊन संपणारा झोत खोटा. फोटोत खरे कवडसे असतातच. त्यांच्याकडे जाणारे दोन-तीन झोत ठेवा आणि बाकीचे मास्कवर काळ्या ब्रशने, 20-30% `Flow` ठेवून, हलके करा. सगळी मेहनत खरं तर इथेच आहे. फिल्टर चालवायला मिनिट लागतं, नको असलेले झोत पुसायला अर्धा तास.

तिसरी गोष्ट कडांची. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे पानापासून जसजसं लांब जावं तशी झोताची कडा धूसर होत जाते. 10 मीटरवर ती साधारण 9 सेंटीमीटर रुंद पट्ट्यात विरघळलेली असते. म्हणून भोकाजवळ झोत रेखीव आणि खाली मऊ हवेत. किरणांच्या लेयरची प्रत काढून तिला `Gaussian Blur` 20 पिक्सेल द्या. वरच्या भागात मूळ लेयर दिसू द्या आणि खालच्या भागात ही मऊ प्रत, मध्ये मास्कवर ग्रेडियंट.

किरण एकमेकांपासून फाकत जाताना दाखवायचे की समांतर?

प्रत्यक्षात ते जवळपास समांतरच असतात. फोटोत फाकलेले दिसतात ते रेल्वेचे रूळ लांबवर मिळाल्यासारखे दिसतात त्याच कारणाने. सूर्य फोटोत असेल तर सगळे झोत त्याच एका बिंदूपासून निघाले पाहिजेत. सूर्य चौकटीच्या फार बाहेर बाजूला असेल तर झोत जवळपास समांतर, तिरके दिसतील. तेव्हा `Radial Blur`ऐवजी `Motion Blur` वापरा आणि कोन सावल्यांवरून घ्या.

झळाळीसाठी एक मोठा मऊ गोल ब्रश मारला तर?

तो ब्रश मारल्यासारखाच दिसेल. खरी झळाळी केंद्राजवळ फार तीव्र असते, मग झपाट्याने उतरते, आणि तिची हलकीशी शेपटी बऱ्याच लांबपर्यंत जाते. एका ब्रशने किंवा एकाच ब्लरने हा उतार येत नाही.

मघाशी लपवलेली चमकत्या भोकांची प्रत बाहेर काढा आणि तिच्या तीन प्रती करा. 6000 पिक्सेलच्या फोटोत पहिलीला `Gaussian Blur` 25, दुसरीला 100, तिसरीला 400 पिक्सेल. तिन्ही `Screen` मोडमध्ये, ओपॅसिटी अनुक्रमे 40%, 25%, 15% पासून सुरुवात करून जुळवा. फोटो 3000 पिक्सेलचा असेल तर ब्लरचे आकडे निम्मे.

इथे मास्क लावायचा नाही. ही झळाळी जवळच्या पानांवरही सांडली पाहिजे, कारण तिचा मोठा भाग लेन्समध्ये घडतो. सूर्याला लागून असलेली काळी फांदी मधोमध बारीक होऊन उजेडात विरते, हे खऱ्या फोटोत हटकून दिसतं. किरणांच्या मास्कची सवय लागलेले लोक इथेही फांदी जपतात, आणि मग ती कागदाची कापलेली वाटते.

रंग कोणता द्यावा?

सूर्याच्या मधोमध पांढराच. सेन्सर तिथे भरून गेलेला असतो, त्याला रंग उरत नाही. रंग कडेला येतो. सकाळ-संध्याकाळ असेल तर किंचित उबदार, साधारण 255, 236, 205 इतकाच. दुपारच्या उन्हाला नारिंगी झळाळी देऊ नका. सावल्या आखूड आणि उजेड सोनेरी, हा विरोधाभास फार फोटोंत दिसतो. सूर्याजवळच्या आकाशाचा रंग आयड्रॉपरने उचला आणि तो थोडा फिका करून वापरा, अंदाजाने निवडलेल्या पिवळ्यापेक्षा तो नेहमी जास्त बसतो.

फ्लेअर टाकायचाच असेल तर कसा आणि किती?

आधी प्रश्न असा की सूर्याचा काही भाग तरी दिसतोय का? जाड बुंध्यामागे सूर्य पूर्ण झाकलेला असेल तर लेन्समध्ये थेट ऊन शिरतच नाही, मग ठिपके कुठले? पानांमधून अर्धवट दिसत असेल तर चालेल, पण फिका. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर असला तरीही फ्लेअर येऊ शकतो, कारण चौकटीबाहेरचा उजेडही लेन्सवर पडतोच.

नवा लेयर पूर्ण काळ्या रंगाने भरा, त्याला स्मार्ट ऑब्जेक्ट करा म्हणजे नंतर बदलता येईल, मोड `Screen`. मग `Filter > Render > Lens Flare`. तिथले चार प्रकार आहेत: `50-300mm Zoom`, `35mm Prime`, `105mm Prime` आणि `Movie Prime`. पहिला सगळ्यात ओळखीचा, म्हणून तो शक्यतो टाळा. हजारो पोस्टरांवर तोच आहे आणि लोक तो पाहताक्षणी ओळखतात. `105mm Prime` त्यामानाने शांत. `Brightness` 60-70% आणि लेयरची ओपॅसिटी 30%च्या आत ठेवा. केंद्र सूर्यावर.

आता ठिपक्यांची जागा. ते सूर्यापासून फोटोच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेवर असतात. आपल्या फोटोचा मध्य 3000, 2000 वर आहे आणि सूर्य 4300, 700 वर, तेव्हा एखादा ठिपका 2200, 2800 वर पडला तर बरोबर. 2200, 1500 वर पडला तर चूक. फोन कॅमेऱ्याच्या फोटोत सूर्याच्या अगदी समोरासमोर, मध्याच्या पलीकडे, एक हिरवट-निळा ठिपका बऱ्याचदा दिसतो, तो याच नियमाने. फोटो एका बाजूने कापलेला असेल तर मध्य मूळ चौकटीचा धरायचा. फ्लेअर मूळ मापाच्या कॅनव्हासवर बनवा आणि मग तुमच्या फोटोवर आणा.

ठिपके नको असतील तर पुसून टाका, नुसता हलका धुरकट पडदा ठेवा. खऱ्या लेन्समध्येही हा पडदाच जास्त वेळा येतो: काळे भाग थोडे करडे होतात आणि कॉन्ट्रास्ट पडतो. माझं मत विचाराल तर झाडीच्या फोटोत एवढंच पुरे.

सूर्याला टोकदार चांदणी काढली तर चालेल?

चालेल, पण लेन्सचा नियम पाळून. चांदणी छिद्र लहान केल्यावर, f/16 च्या आसपास, रेखीव येते. टोकांची संख्या लेन्समधल्या पात्यांवर ठरते. पाती सम असतील तर तितकीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. म्हणजे 6 पात्यांना 6 टोकं, 7 पात्यांना 14. पाच टोकांची चांदणी अशा पात्यांतून येत नाही. आणि मागची झाडं पार धूसर असतील तर फोटो मोठ्या छिद्राने काढलाय हे दिसतच असतं. तिथे चांदणी विसंगत.

लेयर कोणत्या क्रमाने?

खाली मूळ फोटो, त्यावर मास्क लावलेले किरण, त्यावर झळाळी, त्यावर फ्लेअर. सगळ्यात वर ग्रेन. नवे लेयर ब्लरने बनलेले असल्यामुळे गुळगुळीत असतात आणि खालच्या फोटोत मात्र सेन्सरचा कण असतो. नव्या लेयरला 128, 128, 128 करडा भरा, मोड `Overlay`, मग `Add Noise` मध्ये `Gaussian` आणि `Monochromatic` निवडून 1-2%. मास्कने तो नव्या उजेडाच्या भागापुरताच ठेवा, म्हणजे फरक मिटतो.

जास्त झालंय हे कसं ओळखू?

सगळे नवे लेयर एका गटात घाला आणि गटाचा डोळा चालू-बंद करा. चालू करताना "अरे वा" वाटलं, तर जास्त झालंय. बंद केल्यावर फोटो थोडा निर्जीव वाटला पण चालू असताना नजर किरणांवर अडकली नाही, तर प्रमाण बरोबर. मग गटाची ओपॅसिटी शून्यावर आणून हळूहळू वाढवा. 100% वरून उतरत येण्यापेक्षा हे चांगलं, कारण वरून उतरताना डोळा सरावलेला असतो आणि लवकर थांबतो.

फोटो काळा-पांढरा करूनही पाहा. रंगाची भुरळ गेली की कोणता झोत उगाच उठून दिसतो ते लगेच कळतं. आणि फोटोचा विषय काय होता ते आठवा. पायवाटेवर चालणारं माणूस असेल तर सगळ्यात तेजस्वी झोत त्याच्यापर्यंत पोचावा किंवा निदान त्याच्यापासून नजर ओढून नेऊ नये.

एवढं सगळं नको, पटकन काही?

लाइटरूम किंवा कॅमेरा रॉमध्ये सूर्यावर मोठा रेडियल मास्क ठेवा, `Feather` 100. `Dehaze` -15, `Temp` थोडा उबदार, `Exposure` +0.3. झोत मिळत नाहीत, पण उजळ धुरकट हवा मिळते, आणि फोटोत खरे किरण अंधुकसे असतील तर उलट युक्ती करा: त्या पट्ट्यावर ब्रशने `Dehaze` +10 दिलं की ते वर येतात. मुळात होतं तेच ठळक केल्यामुळे खोटं दिसायचा प्रश्न येत नाही.

व्हिडिओत हेच करता येईल का?

येईल, पण काम वाढतं. कॅमेरा फिरला की सूर्य एका दिशेला सरकतो आणि फ्लेअरचे ठिपके मध्यबिंदूच्या पलीकडे उलट दिशेला. सूर्य फांदीमागे गेला त्या फ्रेमला ठिपके विझायला हवेत आणि बाहेर आला की पेटायला हवेत. किरण मात्र जागेला बांधलेले असतात, झाडाबरोबर सरकतात. सूर्य ट्रॅक करून फ्लेअर त्याला जोडावा लागतो, नाहीतर स्थिर फ्लेअर काचेवरच्या डागासारखा दिसतो.

जेपीईजी केल्यावर झळाळीत वर्तुळाकार पट्टे दिसतात. का?

8 बिटमध्ये एका रंगाच्या फक्त 256 छटा असतात. 400 पिक्सेलच्या ब्लरने अगदी सावकाश उतरणारा उजेड तयार होतो आणि दोन शेजारच्या छटांमधली पायरी डोळ्याला दिसते. काम 16 बिटमध्ये केलं असेल आणि वर सांगितलेला ग्रेन घातला असेल तर पट्टे बहुतेक नाहीसे होतात. तरीही दिसले तर ग्रेन 2% वरून 3% करा आणि जेपीईजीची क्वालिटी वाढवा. कमी क्वालिटीत कॉम्प्रेशन पहिल्यांदा हा बारीक कणच पुसून टाकतं आणि पट्टे परत येतात.